नफा वाढला तरी डिव्हिडंड का घटला? संचालकांचं पत्र असं वाचा

ॲन्युअल रिपोर्टच्या पहिल्या काही पानांत संचालकांचं किंवा चेअरमनचं भागधारकांना लिहिलेलं पत्र असतं. बहुतेक लोक ते वाचतच नाहीत, सरळ डिव्हिडंड किती ते बघतात. आणि मग एखाद्या वर्षी असं होतं की पत्राच्या सुरुवातीला "कंपनीने आजवरचा सर्वाधिक नफा नोंदवला" आणि जरा खाली "संचालक मंडळाने प्रति शेअर २ रुपये डिव्हिडंडची शिफारस केली आहे", गेल्या वर्षी होता ५ रुपये. रिटायर झालेल्या माणसाला, ज्याचं वर्षाचं औषधपाणी डिव्हिडंडवर चालतं, हे वाचून राग येणारच, आणि तो राग चुकीचा नाही. पण पत्रातली कारणं खरी आहेत की नुसती सारवासारव आहे हे तपासता येतं, त्यासाठी सीए असायची गरज नाही, रिपोर्टमधली तीन-चार पानं कुठली बघायची एवढं माहीत पाहिजे.

समजायला एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवलेत, पण गणित अगदी असंच असतं. समजा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे, ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कंपन्यांना कास्टिंग पुरवते. गेल्या वर्षी विक्री ३०० कोटी, यंदा ३६० कोटी. नफा टॅक्स जाऊन गेल्या वर्षी २० कोटी होता, यंदा २६. शेअर २ कोटी आहेत, दर्शनी किंमत १० रुपये. म्हणजे शेअरमागे १३ रुपये कमाई. गेल्या वर्षी ५ रुपये वाटले म्हणजे १० कोटी, यंदा २ रुपये म्हणजे ४ कोटी. पत्रात कारण असं दिलंय, "व्यवसायवाढीमुळे खेळत्या भांडवलाची गरज वाढली असून क्षमता विस्तारासाठी निधी राखून ठेवणे मंडळाला योग्य वाटते."

ऐकायला बरं वाटतं, पण या वाक्यात दोन वेगळी कारणं एकत्र बांधलीत. ती सुटी करून बघू.

आधी मूळ गोष्ट. नफा आणि रोकड एक नाही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला लागत नाही, ऊस कारखान्याला गेला, वजन झालं, पावती मिळाली, हिशोबाने उत्पन्न झालं, पण बिल जमा होईपर्यंत खताच्या दुकानाची उधारी त्या पावतीने फिटत नाही. कंपनीचंही तेच. माल गाडीत चढला, इनव्हॉइस निघालं की विक्री धरली जाते आणि त्यातला नफाही धरला जातो, पैसे तीन महिन्यांनी आले तरी. डिव्हिडंड मात्र रोखीतच द्यायचा असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२३ मध्ये तसं स्पष्ट आहे, चेकने द्या, वॉरंटने द्या, खात्यात जमा करा, पण पैसेच द्या. जाहीर झाल्यापासून ५ दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि ३० दिवसांत भागधारकांना पोचवायची. नाही पोचवली तर कलम १२७ प्रमाणे कंपनीला १८ टक्के साधं व्याज बसतं आणि जाणूनबुजून पैसे थकवणाऱ्या संचालकाला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एकदा जाहीर केलेला डिव्हिडंड हे कंपनीवर देणं होतं, मग "अजून गिऱ्हाइकाकडून पैसे आले नाहीत" ही सबब चालत नाही. त्यामुळे जो संचालक नीट विचार करतो तो नफ्याच्या आकड्याकडे बघून डिव्हिडंड ठरवत नाही, बँकेत काय आहे आणि पुढच्या काही महिन्यांत काय येणार-जाणार ते बघून ठरवतो.

आता आपल्या फाउंड्रीची रोकड. रिपोर्टमध्ये कॅश फ्लो स्टेटमेंट नावाचं एक पान असतं, माझ्या मते सगळ्या रिपोर्टमधलं सगळ्यात प्रामाणिक पान तेच. तिथे सुरुवात नफ्यापासून होते. २६ कोटी नफा. त्यात घसारा ९ कोटी परत मिळवायचा, कारण घसारा हा खर्च वहीत दाखवला पण त्यासाठी कुणाला चेक दिलेला नाही. झाले ३५. आता वजाबाकी. गिऱ्हाइकांकडची येणी २५ कोटींनी वाढली, म्हणजे एवढा माल विकला पण पैसे आले नाहीत. स्टॉक ६ कोटींनी वाढला, भंगार, पिग आयर्न, तयार कास्टिंग, सगळं मिळून. सप्लायरचं देणं २ कोटींनी वाढलं, म्हणजे तेवढे पैसे अजून आपल्याकडेच आहेत, ते मिळवायचे. ३५ मधून ३१ गेले, २ आले, राहिले ६ कोटी. नफा २६ आणि हातात आलेले ६.

पुढे बघा. नवीन इंडक्शन फर्नेस आणि मोल्डिंग लाइनवर यंदा १८ कोटी गेले, त्यातले १२ बँकेच्या टर्म लोनचे, ६ कंपनीने स्वतः घातले. जुन्या कर्जाचा हप्ता ३ कोटी. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात १२ कोटी होते. १२ अधिक ६ झाले १८, फर्नेसचे ६ गेले, हप्त्याचे ३ गेले, उरले ९. गेल्या वर्षीसारखे १० कोटी वाटले असते तर खातं १ कोटीने उणं. ४ कोटी वाटल्यावर ५ उरतात. आणि या फाउंड्रीला पगार आणि लाईटबिल मिळूनच महिन्याला सहा कोटी लागतात असं धरा, फर्नेस विजेवर चालते, बिल मोठं असतं आणि ते थकवता येत नाही. म्हणजे २ रुपये देऊनसुद्धा महिन्याभराचीही सोय राहत नाही. इतकं बघितल्यावर मला वाटतं की इथे डिव्हिडंड कमी करणं बरोबर होतं, किंबहुना एखाद्या जास्त सावध मंडळाने यंदा काहीच दिलं नसतं.

आता कुणी म्हणेल की बँकेची सीसी लिमिट आहे ना, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायची बँकेने मंजूर केलेली मर्यादा, त्यातून काढून द्यायचे होते. कायद्याने काही अडत नाही, नफा आहे, तो वाटता येतो, पैसे कुठून आणायचे ते कंपनीने बघावं. पण ६ कोटी जास्तीचे १० टक्क्यांनी उचलले तर वर्षाला ६० लाख व्याज, ते जाणार आपल्याच नफ्यातून, आणि शिवाय टर्म लोन देताना बँक ज्या अटी घालते त्यात बऱ्याचदा असंही असतं की अमुक एक रेशो सांभाळल्याशिवाय किंवा हप्ता थकलेला असताना डिव्हिडंड द्यायचा नाही. पत्रात ही अट सहसा लिहीत नाहीत, कारण "बँकेने हात बांधलेत" हे कबूल करायला संकोच वाटतो. माझ्या मते ते लिहायला हवं, भागधारक त्याने घाबरत नाही, लपवलेलं नंतर कळलं की घाबरतो.

तर रोकड नाही हे खरं. पण का नाही? पत्र म्हणतं व्यवसायवाढीमुळे, आणि इथेच थांबून एक छोटं गणित करायचं, कारण पत्रातलं हे वाक्य अर्धंच खरं निघतं.

येणी किती दिवसांची आहेत ते काढा. येणी भागिले विक्री गुणिले ३६५. गेल्या वर्षी येणी ४९ कोटी, विक्री ३००, म्हणजे साधारण ६० दिवस. यंदा येणी ७४ कोटी, विक्री ३६०, म्हणजे ७५ दिवस. विक्री वाढली २० टक्के आणि येणी वाढली ५० टक्के. आता असं विचारा की यंदाच्या ३६० कोटींच्या विक्रीवर गिऱ्हाइकांनी पूर्वीसारखेच ६० दिवसांत पैसे दिले असते तर येणी किती झाली असती? साधारण ५९ कोटी. म्हणजे ४९ वरून ५९ ही दहा कोटींची वाढ खरंच धंदा वाढल्यामुळे. उरलेले १५ कोटी धंदा वाढला म्हणून अडकलेले नाहीत, गिऱ्हाईक उशिरा पैसे देतंय म्हणून अडकलेत. आणि डिव्हिडंड कमी केला तो किती? ६ कोटींनी. वसुली जुन्या वेळेवर राहिली असती तर डिव्हिडंड कमी करायची वेळच आली नसती. हे पत्रात नव्हतं, पण दोन वर्षांच्या चार आकड्यांतून निघालं, आणि हे चारही आकडे बॅलन्स शीट आणि नफा-तोटा पत्रकात छापलेले असतात.

उशिरा पैसे का येतात याची कारणं बरी-वाईट दोन्ही असतात. एखाद्या मोठ्या ट्रॅक्टर कंपनीने ऑर्डर दुप्पट करताना क्रेडिट ९० दिवसांचं मागितलं आणि आपण हो म्हटलं, तर ते धंद्याचं गणित आहे, पटो न पटो. त्याच वेळी आपले जे छोटे सप्लायर आहेत, मशीनिंगवाले, पॅटर्न बनवणारे, ते जर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असतील तर त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून आयकर कायद्यात ४३बी (एच) आल्यावर उशीर केला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत टॅक्ससाठी धरताच येत नाही. छोट्या उद्योगाच्या बाजूने ही तरतूद चांगलीच आहे. पण मधल्या आकाराच्या कंपनीची अडचण अशी होते की वरून पैसे येणार ९० दिवसांनी आणि खाली द्यायचे ४५ दिवसांत, मधले ४५ दिवस स्वतःच्या खिशातून, आणि ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा मोठा. म्हणून वेगाने वाढणाऱ्या कंपनीतच नफा चांगला आणि पैशांची टंचाई असं जास्त दिसतं.

वाईट कारण म्हणजे माल नीट नव्हता, गिऱ्हाइकाने रिजेक्ट केला, वाद चालू आहे, किंवा मार्च महिन्यात विक्री फुगवायला डीलरच्या गळ्यात माल मारला. हे कसं ओळखायचं? २०२१ च्या एप्रिलपासून कंपन्यांना येणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता द्यावा लागतो, नोट्समध्ये ट्रेड रिसिव्हेबल्सच्या खाली बघा. सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, तीनच्या पुढची, आणि त्यातही वादातली वेगळी आणि बिनवादाची वेगळी. वाढलेले २५ कोटी सगळे सहा महिन्यांच्या आतल्या रकान्यात असतील तर पैसे बहुतेक येतील, उशिरा येतील पण येतील. सहा महिन्यांच्या पुढचे रकाने फुगलेले असतील तर हा नफा नंतर बुडीत म्हणून लिहून टाकायची वेळ येऊ शकते, आणि मग डिव्हिडंड कमी झाला ही छोटी गोष्ट राहते, नफ्याच्याच आकड्यावर शंका घ्यावी लागते.

दुसरं कारण होतं क्षमता विस्तार. इथे मी एवढंच बघतो की ते नवीन मशीन चालू झालं का. चालू झालेलं मशीन स्थिर मालमत्तेत जातं, चालू न झालेलं कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेसमध्ये पडून राहतं, आणि त्याचाही वर्षांप्रमाणे तक्ता हल्ली द्यावा लागतो. एखादा प्रोजेक्ट तिथे तीन वर्षं बसलाय आणि दर वर्षी पत्रात "विस्तारासाठी निधी राखून" असं येतंय तर तो विस्तार नाहीये, अडकलेला पैसा आहे.

आणि एक पान मी कधीच सोडत नाही, संचालकांच्या मानधनाचं. डिव्हिडंड ५ वरून २ वर आणला ते कंपनीला पैशाची चणचण म्हणून, ठीक आहे, मग त्याच वर्षी एमडींचा पगार आणि कमिशन किती वाढलं? पब्लिक कंपनीत सगळ्या संचालकांचं मिळून मानधन नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत देता येतं, त्याच्यावर जायला भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते, आणि कमिशन नफ्यावर ठरलेलं असलं की नफा वाढला की ते आपोआप वाढतं, रोकड आली असो वा नसो. त्यामुळे असं होऊ शकतं की भागधारकाला सांगितलं पैसे अजून हातात आलेले नाहीत आणि संचालकाने मात्र त्याच न आलेल्या पैशावर कमिशन घेतलं. हे बेकायदा नाही, पण मला ते पटत नाही, आणि जो संचालक पत्रात लिहितो की यंदा मीही कमिशन घेतलेलं नाही त्याच्या बाकीच्या वाक्यांवर माझा जास्त विश्वास बसतो. याच्याच जवळ रिलेटेड पार्टीची नोट असते, प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीला कर्ज किंवा ॲडव्हान्स दिलाय का ते तिथे कळतं. भागधारकांचे वाचवलेले ६ कोटी तिकडे गेले असतील तर मग पत्रातलं काहीच वाचायची गरज नाही.

कधी कधी कारण कंपनीच्या बाहेरचं असतं. एचडीएफसी बँकेचं २०१९-२० हे वर्ष घ्या. नफा २०१८-१९ मध्ये २१,०७८ कोटी होता तो २६,२५७ कोटींवर गेला, जवळपास २५ टक्के वाढ. आणि डिव्हिडंड? आदल्या वर्षीचा १५ रुपये होता, या वर्षाचा म्हणून जुलै २०१९ मध्ये दिलेला ५ रुपयांचा खास अंतरिम तेवढाच, नंतरचा फायनल डिव्हिडंड शून्य. कारण १७ एप्रिल २०२० ला रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना सांगितलं की २०१९-२० च्या नफ्यातून यापुढे डिव्हिडंड द्यायचा नाही, आणि डिसेंबर २०२० मध्ये ते कायम केलं. लॉकडाऊन लागला होता, कर्जदारांना हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, कुठलं कर्ज परत येईल आणि कुठलं बुडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वहीत व्याज धरलं जातंय पण ते येईल की नाही माहीत नाही, म्हणजे फाउंड्रीच्या येण्यांसारखीच गोष्ट, फक्त आकार देशाएवढा. अशा वेळी भांडवल बँकेतच राहू दे, नुकसान झालं तर ते सोसायला उपयोगी पडेल, असा तो विचार होता. पुढच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने ही बंदी सैल केली आणि २०२०-२१ साठी एचडीएफसी बँकेने ६.५० रुपये दिले.

या उदाहरणात एक फसगत पण आहे. १५, मग ५, मग ६.५० असं वाचलं तर वाटतं डिव्हिडंड कधी सावरलाच नाही. पण सप्टेंबर २०१९ मध्ये शेअरचं विभाजन झालं, २ रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन झाले. म्हणून विभाजनानंतरच्या मापात ते आकडे ७.५०, मग २.५०, मग ६.५०. पत्रात "डिव्हिडंड कमी" दिसला की आधी स्प्लिट किंवा बोनस झालाय का ते बघायचं, कारण कधी कधी कमी झालेलंच नसतं. आणि टक्केवारी वाचताना पण सांभाळून, "५० टक्के डिव्हिडंड" म्हणजे दर्शनी किमतीच्या ५० टक्के, आपल्या फाउंड्रीचा ५ रुपयेवाला डिव्हिडंड ५० टक्केच म्हणवला जाणार, मग तुम्ही तो शेअर बाजारातून चारशे रुपयांना घेतलेला असला तरी.

बरं, हे सगळं बघून तुम्हाला वाटलं की मंडळाने हात फारच आखडता घेतलाय तर एजीएममध्ये, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेत, तो वाढवून घेता येतो का? साधारणपणे नाही. फायनल डिव्हिडंडची शिफारस मंडळ करतं आणि मंजुरी सभा देते, पण बहुतेक कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत, असं असतं की सभा शिफारशीपेक्षा जास्त जाहीर करू शकत नाही, कमी मात्र करू शकते. मोठ्या लिस्टेड कंपन्यांची, बाजारमूल्याने पहिल्या हजारातल्या, डिव्हिडंड पॉलिसी मात्र त्यांच्या वेबसाइटवर असावी लागते, सेबीचा नियम आहे. त्यात बऱ्याच कंपन्या लिहितात की नफ्याचा साधारण अमुक हिस्सा वाटू. आपल्या फाउंड्रीने तिथे ४० टक्के लिहिलं असेल आणि यंदा २६ पैकी ४ कोटी म्हणजे १५ टक्के वाटले असतील, तर पत्रात त्याचं उत्तर यायला पाहिजे आणि नसेल आलं तर विचारायचा पूर्ण हक्क तुमचा आहे.

विचारताना "डिव्हिडंड का कमी केला" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं, "कंपनीच्या दीर्घकालीन हितासाठी" वगैरे. एजीएम ऑनलाइन असेल तर बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं, प्रश्न ईमेलने पण पाठवता येतो, नोटीशीत तारीख असते. त्यात असं लिहा: येणी ६० दिवसांवरून ७५ दिवसांवर गेली, ती कुठल्या प्रकारच्या गिऱ्हाइकांमुळे, रिपोर्ट लिहून झाल्यानंतर त्यातले किती कोटी जमा झाले, आणि ३१ मार्चपर्यंत तुम्ही ती किती दिवसांवर आणणार आहात. या प्रश्नाला संचालकांनी आकडा दिला तर तो लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा रिपोर्ट आला की पत्र वाचायच्या आधी येणी भागिले विक्री गुणिले ३६५ करा, उत्तर ६०-६५ आलं आणि फर्नेस चालू झालेली दिसली तर डिव्हिडंड वाढायला हवा, वाढवला नसेल तर या वेळी कारण नवीन असायला पाहिजे. उत्तर परत ७५ किंवा त्याच्या वर आलं आणि पत्रात वाक्य तेच असलं, तर डिव्हिडंडची वाट बघत बसायचं की शेअर विकायचा हे ठरवायला तेवढं पुरे आहे.